स्वस्त यंत्र की टिकाऊ यंत्र? वार्षिक खर्चाचा हिशेब



दोन वस्तूंपैकी स्वस्त कोणती, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. दोहोंच्या किमती विचाराव्या आणि जी कमी असेल ती घ्यावी. परंतु त्या दोन वस्तू सारख्या काळ टिकणाऱ्या नसतील, तर हा सोपा प्रश्न बराच अवघड होतो. तीन वर्षांत निकामी होणारे यंत्र आणि पाच वर्षे चालणारे यंत्र यांच्या किमती शेजारी शेजारी मांडून काहीच निष्पन्न होत नाही. एक कापड वाराने आणि दुसरे तागाने विकावयास ठेवले असता नुसत्या भावांची तुलना करण्यासारखेच ते आहे. तेव्हा अशा दोन यंत्रांना एकाच मापाने कसे मोजावे, हे आज आपणांस सांगावयाचे योजिले आहे. त्या मापाला समतुल्य वार्षिक खर्च असे म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्यासाठी लागणारे गणित चक्रवाढ व्याजाच्या पलीकडचे नाही.

उदाहरण आपल्या कोपरगावच्या परिसरातलेच घेऊ. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला आणि उसामागून साखर कारखाने आले. परंतु कालव्याचे पाणी पाळीने मिळते, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या काळात पीक जगवावयाचे ते विहिरीच्या पाण्यावर. म्हणून ज्याचा मळा, त्याची विहीर, आणि ज्याची विहीर, त्याच्यापुढे पाणी उपसण्याच्या साधनाचा प्रश्न, हे येथे ठरलेलेच आहे. मोटेच्या काळी कातड्याची मोट घ्यावी की लोखंडी, असा तो प्रश्न होता. आज तो विजेच्या पंपाविषयी आहे. गावात राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित घरांचे पाच-चार एकर कोठेतरी असतातच, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्याही दारी येतो.

समजा, एका विहिरीसाठी दोन पंप पाहण्यात आले. दोन्ही तितकेच पाणी तितक्याच उंचीवर चढवितात. पहिल्याची किंमत 24,000 रुपये. तो तीन वर्षे चालेल, आणि वीज व दुरुस्ती मिळून त्याला वर्षाकाठी 9,000 रुपये लागतील. दुसऱ्याची किंमत 40,000 रुपये. तो पाच वर्षे चालेल, आणि त्याचा वार्षिक खर्च 7,500 रुपये येईल. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपापल्या दुकानदाराचे आकडे त्यांच्या जागी घालावे. मुदत संपल्यावर दोन्ही पंपांचे मोडीत काही येत नाही, असेही तूर्त धरून चालू.

आता नेहमी होणारे दोन हिशेब पाहू. पहिला हिशेब किमतीचा. पहिला पंप 16,000 रुपयांनी स्वस्त, म्हणून तोच घ्यावा. या हिशेबात टिकाऊपणाचा विचारच नाही, तेव्हा तो सोडून देऊ. दुसरा हिशेब भागाकाराचा. चोवीस हजारांस तिनाने भागले असता 8,000 येतात, त्यांत 9,000 मिळविले की वर्षाला 17,000 झाले. चाळीस हजारांस पाचाने भागले असता पुन्हा 8,000 येतात, त्यांत 7,500 मिळविले की 15,500 झाले. म्हणजे दुसरा पंप वर्षाला दीड हजारांनी स्वस्त ठरला. हा हिशेब पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा. परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. ती अशी की, आज एकदम द्यावयाचा रुपया आणि पाच वर्षांनी द्यावयाचा रुपया हे दोन्ही त्याने सारखेच धरले.

ते सारखे नाहीत, हे व्याज देणाऱ्यास वा घेणाऱ्यास सांगावयास नको. दर साल दर शेकडा 10 असा व्याजाचा दर धरला, तर आज ठेवलेले 100 रुपये वर्षाने 110 होतात. उलट पाहिले तर एका वर्षाने मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत सुमारे 91 पैसे, दोन वर्षांनी मिळणाऱ्याची 83 पैसे आणि तीन वर्षांनी मिळणाऱ्याची 75 पैसे होते. दर वर्षी मागील आकड्यास 1.1 ने भागावयाचे, एवढीच कृती. अधिक बारकाईने घेतलेले हे तीन आकडे 0.909, 0.826 आणि 0.751 असे असून त्यांची बेरीज 2.487 होते. चौथ्या व पाचव्या वर्षाचे 0.683 आणि 0.621 त्यात मिळविले, म्हणजे 3.791 होतात.

या बेरजांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पूर्वी देवस्थानांना आणि शास्त्रीपंडितांना वर्षासन बांधून देत असत, म्हणजे दर वर्षी ठराविक रक्कम. तीन वर्षेपर्यंत दर वर्षअखेरीस एक रुपया, असे वर्षासन कोणास द्यावयाचे असेल, तर आज बाजूला ठेवावयाची रक्कम 2 रुपये 49 पैशांच्या जवळपास आहे. पाच वर्षांच्या वर्षासनासाठी ती 3 रुपये 79 पैसे होते. मग हाच हिशेब उलटा फिरविला, तर आज एकरकमी दिलेली किंमत किती रुपयांच्या वर्षासनाबरोबर आहे, हे केवळ भागाकाराने कळते.

पहिल्या पंपाचे 24,000 रुपये 2.487 ने भागले असता सुमारे 9,651 येतात. यालाच त्या किमतीचा वार्षिक भार म्हणू. हा आकडा खरा आहे की नाही, हे पडताळून पाहण्याची सोपी रीत आहे. समजा, पंपासाठी हे 24,000 रुपये दहा टक्क्यांनी कर्जाऊ घेतले आणि दर वर्षअखेरीस 9,651 रुपयांचा हप्ता भरला. पहिल्या वर्षी व्याज 2,400 झाले. ते वजा जाता हप्त्यातील 7,251 मुद्दलात गेले, आणि बाकी 16,749 उरली. दुसऱ्या वर्षी व्याज 1,675, मुद्दलात 7,976, आणि बाकी 8,773. तिसऱ्या वर्षी व्याज 877. ते आणि बाकी मिळून 9,650 झाले, म्हणजे शेवटच्या हप्त्यात एका रुपयाच्या फरकाने कर्ज फिटले. पंप निकामी झाला त्याच दिवशी कर्जही संपले. नवा पंप घ्यावयास आपण पुन्हा पूर्वीच्याच स्थितीत उभे राहिलो.

पैसे कर्जाचे नसून घरचेच असले, तरी हिशेब बदलत नाही. ते पेढीत ठेवले असते तर व्याज आलेच असते, आणि पंपात घातल्यामुळे ते बुडाले.

आता पुरा हिशेब मांडू. पहिल्या पंपाचा किमतीचा भार 9,651 आणि चालू खर्च 9,000 मिळून समतुल्य वार्षिक खर्च 18,651 रुपये. दुसऱ्या पंपाचे 40,000 रुपये 3.791 ने भागले असता सुमारे 10,552, त्यांत 7,500 मिळविले असता 18,052 रुपये. म्हणजे दुसरा पंप वर्षाला सुमारे 600 रुपयांनी स्वस्त पडतो. भागाकाराच्या हिशेबाने दीड हजारांचा फायदा दाखविला होता. त्यापैकी 900 रुपये व्याजाने खाल्ले.

येथे एक शंका निघण्यासारखी आहे. एकाचा हिशेब तीन वर्षांचा आणि दुसऱ्याचा पाच वर्षांचा, मग त्यांची तुलना न्याय्य कशी? तीन आणि पाच यांचा लघुतम साधारण विभाज्य पंधरा. तेव्हा पंधरा वर्षांचा काळ घेतला, तर पहिला पंप पाच वेळा आणि दुसरा तीन वेळा घ्यावा लागेल, आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी संपतील. प्रत्येक खरेदी व प्रत्येक वर्षाचा खर्च आजच्या किमतीत उतरवून बेरीज केली, तर पहिल्या बाजूस सुमारे 1,41,900 आणि दुसऱ्या बाजूस सुमारे 1,37,300 रुपये येतात. निकाल तोच. वार्षिक खर्चाची रीत म्हणजे हा लांबलचक हिशेब टाळण्याची वाट आहे. एका यंत्राचे आयुष्य सात आणि दुसऱ्याचे अकरा वर्षे असते, तर सत्त्याहत्तर वर्षांचा कागद भरावा लागला असता. ही रीत तो दोन भागाकारांत संपविते.

इतके झाल्यावर दुसरा पंप घ्यावा, असे सांगून मी थांबलो असतो तर सोपे झाले असते. पण या हिशेबातील सर्वांत विचार करावयासारखी गोष्ट पुढेच आहे. दर शेकडा 10 हा दर आपण धरून चाललो. तो सर्वांनाच मिळतो काय? ज्याला सावकाराकडून दरमहा शेकडा दोन रुपयांनी पैसे काढावे लागतात, त्याचा दर वर्षाला 24 टक्के झाला. त्याच्यासाठी तीन वर्षांच्या वर्षासनाचा आकडा 1.981 आणि पाच वर्षांचा 2.745 होतो. पहिल्या पंपाचा किमतीचा भार आता 12,113 होऊन एकूण खर्च 21,113 रुपये होतो. दुसऱ्याचा भार 14,570 होऊन एकूण 22,070 होतो. निकाल उलटला! पंप तेच, विहीर तीच, पाणी तितकेच, पण महाग व्याज देणाऱ्याला टिकाऊ पंप सुमारे साडेनऊशे रुपयांनी महाग पडू लागला.

कोणत्या दरापाशी पारडे फिरते, हेही पाहता येते. 15 टक्क्यांना दुसरा पंप जेमतेम 80 रुपयांनी स्वस्त राहतो. 16 टक्क्यांना पहिला 30 रुपयांनी स्वस्त होतो. म्हणजे सीमा या दोहोंच्या मधे, साडेपंधराच्या किंचित पुढे आहे. याचे कारण उघड आहे. टिकाऊ यंत्रात पुढील वर्षांची सोय आजच विकत घेतलेली असते, आणि आजचा पैसा जितका महाग, तितकी ती सोय महाग. म्हणून गरीब मनुष्य हलकी वस्तू पुनःपुन्हा घेतो, याला आपण सरसकट अदूरदृष्टी म्हणतो, ते न्यायाचे नाही. पुष्कळदा त्याचा हिशेब त्याच्या व्याजाच्या दराला धरून बिनचूक असतो. चूक असते ती त्या दरात. 1875 साली पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. या घटनांकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे स्वस्त व्याजाने केवळ कर्जाचा बोजा हलका होतो असे नाही, तर कोणते अवजार विकत घेणे शहाणपणाचे, हेही बदलते, असे दिसून येईल. ज्याला सोसायटीचा दर मिळतो आणि ज्याला मिळत नाही, अशा दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचा सल्ला घेताना हे विसरू नये.

दुसरी गोष्ट आयुष्याच्या अंदाजाची. पंप पाच वर्षे चालेल हे विकणाऱ्याचे म्हणणे. तो चारच वर्षे चालला तर? चार वर्षांचा आकडा 3.170. त्याने चाळीस हजारांस भागले असता 12,619 येतात, आणि एकूण खर्च 20,119 होतो. पहिल्या पंपापेक्षा जवळजवळ दीड हजार अधिक. म्हणजे महाग पंपाचा सगळा फायदा त्याच्या पाचव्या वर्षावर अवलंबून आहे. ते वर्ष मिळेल की नाही, हे पंपाच्या पत्र्यावर लिहिलेल्या नावापेक्षा आपल्या विहिरीवर अधिक ठरते. पाण्यात गाळ व रेती असली तर आतील पंखा आणि बुश झिजतात. विजेचा दाब वारंवार कमी होत असला तर मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते, आणि तिचे गुंडाळे जळते. म्हणून आपल्याच शिवारात तसला पंप किती वर्षे टिकला, याची चौकशी चार शेजाऱ्यांकडे करावी. छापील पत्रकापेक्षा ती अधिक भरवशाची.

आणखी असे की, पंप फिरतो आहे म्हणजे त्याचे आयुष्य शिल्लक आहे, असे नव्हे. ठराविक हौद भरावयास पूर्वी जितका वेळ लागे, त्याहून पुष्कळ अधिक लागू लागला, आणि विहिरीतील पाण्याची पातळी तर खाली गेलेली नाही, तर पंप झिजला असे समजावे. तो तितक्याच पाण्याला अधिक वीज जाळतो. हौद भरण्याची वेळ वर्षातून दोनदा वहीत टिपून ठेविली, तर हिशेबात धरावयाचे खरे आयुष्य आपोआप कळते.

तिसरी गोष्ट, खर्च कोणाच्या पदरी पडतो ही. आपल्या उदाहरणातील 9,000 पैकी 5,000 विजेचे व 4,000 दुरुस्तीचे, आणि 7,500 पैकी 4,000 विजेचे व 3,500 दुरुस्तीचे आहेत, असे धरू. 2024 साली महाराष्ट्र सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत देण्याची योजना जाहीर केली. ज्याला विजेचे बिल भरावयाचे नाही, त्याच्या हिशेबातून विजेचा आकडा जातो. मग दहा टक्के व्याजानेसुद्धा पहिल्या पंपाचा खर्च 13,651 आणि दुसऱ्याचा 14,052 होतो, व 400 रुपयांनी स्वस्त पंपच सरस ठरतो. वीज मात्र जळतेच. तिचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, आणि सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर दुसरा पंपच अद्यापि सरस आहे. शेतकरी चुकीचा हिशेब करतो असे नाही, तर त्याच्यापुढे ठेवलेल्या आकड्यांत सगळा खर्च नाही.

शेवटची गोष्ट, ही रीत कोठे लागू पडत नाही. तिच्या मुळाशी असे गृहीत आहे की यंत्र निकामी झाल्यावर आपण तसलेच दुसरे तितक्याच किमतीला घेणार, आणि हे काम पुढे चालतच राहणार. किमती दर वर्षी सारख्या प्रमाणात चढत असतील, तर त्याचा उपाय असा की, व्याजाच्या दरातून महागाईचा दर वजा करून उरलेला दर हिशेबात घ्यावा. दर कमी झाला की टिकाऊ यंत्राकडे पारडे झुकते, हे आपण पाहिलेच. परंतु काम चालू राहणारच नसेल, तर मात्र रीत सोडून द्यावी. समजा, तीन वर्षांनी ही जमीन विकावयाची आहे, किंवा विहीर बुजवून तेथे घर बांधावयाचे आहे. तर मग प्रश्न फक्त तीन वर्षांचा उरतो. तीन वर्षांचा एकूण खर्च आजच्या किमतीत पहिल्या पंपाचा 46,382 आणि दुसऱ्याचा 58,651 होतो. 12,269 रुपयांचे हे अंतर भरून निघावयास दुसरा पंप तीन वर्षांनी निदान सुमारे 16,330 रुपयांना विकला गेला पाहिजे, कारण त्या वेळी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत 75 पैसेच. वापरलेल्या पंपाला तितके मोल देणारा कोणी असेल तर तो घ्यावा, नाही तर स्वस्तातला पुरे.

आणि सर्वांच्या आधी एक अट आहे. दोन्ही यंत्रांचे काम सारखे असले पाहिजे. एक पंप दुसऱ्याच्या दीडपट पाणी देत असेल, तर वार्षिक खर्चाची तुलना न करता, त्या खर्चास वर्षभरात उपसलेल्या पाण्याने भागून येणाऱ्या आकड्यांची तुलना करावी.

तेव्हा घरी एखादे यंत्र आणावयाचे ठरले, मग तो पंप असो, पिठाची गिरणी असो वा वीज जाते त्या वेळेसाठी घ्यावयाची बॅटरी असो, दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्या: किंमत, आपल्या गावी अनुभवास आलेले आयुष्य, आपल्या पदरी पडणारा वर्षाचा खर्च, आणि ज्या दराने आपणांस खरोखर पैसे मिळतात तो दर. यांपैकी पहिली गोष्ट दुकानदार सांगेल. उरलेल्या तीन ज्याच्या त्यालाच ठाऊक असतात, आणि निकाल बहुधा त्या तिहींवरच लागतो.